पिवळी शाई संपली तर काळं अक्षर का अडतं?

घरच्या इंकजेट प्रिंटरवर एखादा जुना कृष्णधवल फोटो छापा आणि त्यावर भिंग धरा. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठा करून पाहा. ज्याला आपण करडा रंग म्हणत होतो तो कागदावर कुठेच सापडत नाही. आकाशी ठिपके दिसतात, राणी रंगाचे ठिपके दिसतात, डोळे ताणले तर पांढऱ्यावर जवळजवळ हरवून गेलेले पिवळेही दिसतात आणि मधूनमधून काळे. आजोबांच्या फोटोतल्या धोतराच्या सावलीत रंगपंचमी चाललेली असते. हातभर अंतरावरून पाहिलं की ती सगळी विझून नुसता करडेपणा उरतो.

हे एकदा पाहिलं की प्रिंटरचा तो चीड आणणारा हट्ट निदान समजू तरी लागतो. पिवळं कार्ट्रिज रिकामं, काळं अर्धं भरलेलं, छापायचं आहे साधं काळं पान, आणि प्रिंटर म्हणतो की आधी पिवळं बदला. दुकानदार म्हणतो, कंपनीचा धंदा आहे. तो अगदीच चुकीचा नाही. पण धंद्याच्या जोडीला रसायन आहे आणि पदार्थविज्ञानही आहे, आणि त्यांच्या मधल्या फटीतून काळं पान बाहेर काढण्याचे मार्गही आहेत.

मुळात प्रिंटरपाशी काळे दोन असतात. एक थेट काळ्या शाईचा. दुसरा आकाशी, राणी आणि पिवळा एकावर एक टाकून केलेला. या तिघांना छपाईवाले सायन, मॅजेंटा आणि यलो म्हणतात. कागदी हिशेबात हे तीन मिळून सगळा प्रकाश शोषतात, म्हणजे काळं व्हायला हवं. प्रत्यक्षात शाई तेवढी शुद्ध नसते, म्हणून हा दुसरा काळा थोडा तपकिरी, थोडा मळका येतो. मग चांगली काळी शाई शेजारी असताना प्रिंटर या मळक्या काळ्याकडे वळतोच कशाला?

याचं एक कारण काळ्या शाईच्या पोटात आहे. बऱ्याच घरगुती प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते आणि रंगीत शाया डायच्या. पिगमेंट म्हणजे पाण्यात न विरघळलेले, नुसते तरंगत ठेवलेले काजळीचे बारीक कण. डाय मात्र पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. हा फरक घरीच पाहता येतो. छापलेल्या पानावर, एका काळ्या ओळीवर आणि एका रंगीत चित्रावर, ओल्या बोटाने हलकेच थेंब ठेवा. पिगमेंटचं अक्षर जागचं हलत नाही. रंगीत चित्राभोवती मात्र रंगाचं वलय पसरू लागतं. साध्या कागदावर पिगमेंटचे कण तंतूंच्या वरच अडकतात, म्हणून अक्षराच्या कडा कोरल्यासारख्या येतात. पण चकचकीत फोटो पेपरच्या लेपात हे कण शिरू शकत नाहीत. ते वर बसून राहतात आणि बोट लागलं की फराटा उमटतो. म्हणून सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडला की असे प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवतात आणि तिन्ही रंगांतून काळा तयार करतात. ट्रेमध्ये प्रत्यक्षात कुठला कागद आहे हे बहुतेक प्रिंटरांना कळत नाही, तुम्ही सांगितलेलं खरं मानून ते चालतात. म्हणजे ट्रेमध्ये झेरॉक्सचा साधा कागद आणि सेटिंगमध्ये गेल्या महिन्यात निवडलेला फोटो पेपर, अशी जोडी जमली तर काळं कार्ट्रिज भरलेलं असूनही त्याला कोणी हात लावत नाही.

दुसरं कारण करड्या रंगाचं. घरगुती प्रिंटरकडे सहसा फिकट काळी शाई नसते. ठिपका पडतो किंवा पडत नाही, फार तर लहानमोठा पडतो. त्यामुळे करडा दाखवायचा तर काळे ठिपके दूर दूर पेरावे लागतात, आणि गालावरच्या हलक्या सावलीत ते वाळूच्या कणांसारखे उठून दिसतात. त्याऐवजी आकाशी, राणी आणि पिवळे ठिपके दाट पेरले तर प्रत्येक ठिपका स्वतः फिकट असल्याने सावली मऊ उतरते. सुरुवातीला भिंगाखाली दिसलं ते हेच. म्हणून ड्रायव्हरमधला Grayscale हा शब्द फसवा आहे. चित्र करड्या छटांत दिसेल एवढंच वचन तो देतो, शाई कुठली वापरणार याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. एचपीच्या अनेक ड्रायव्हरांत ही गोष्ट प्रामाणिकपणे उघड केलेली आहे. तिथे Print in Grayscale या नोंदीखाली दोन वेगळे पर्याय असतात: High Quality Grayscale आणि Black Ink Only. पहिला रंगीत शाया मिसळून मऊ करडा देतो, दुसरा फक्त काळी शाई वापरतो. दोन्ही पानं हातात घेतली तर कृष्णधवलच, पण शाईच्या हिशेबात पूर्ण वेगळी.

इथून एक सोपी परीक्षाही निघते. तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असलेल्या प्रिंटरमध्ये अनेकदा एक कप्पा आधी रिकामा होतो आणि प्रिंटर तसाच छापत राहतो. कृष्णधवल म्हणून काढलेलं पान जांभळट निळं आलं तर समजावं की प्रिंटर काळा मिसळून करतोय आणि त्यातला पिवळा संपलाय. हिरवट आलं तर राणी संपलाय, लालसर आलं तर आकाशी. आणि रंगाची कसलीही झाक नाही, नुसता जरा खरखरीतपणा आहे, तर ते पान खरोखर एकट्या काळ्या शाईचं आहे.

हे झालं प्रिंटर रंग का मागतो याचं. पण सेटिंगमध्ये सगळं काळं निवडलं तरी तो अडून बसतो, त्याचं कारण शाई फेकण्याच्या पद्धतीत आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात थक्क करणारा भाग हाच.

शाईचा थेंब बाहेर पडतो त्या छिद्राला नॉझल म्हणतात. थेंब मोजायचे पिकोलिटरमध्ये. एका लिटरचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक म्हणजे एक पिकोलिटर. घरगुती प्रिंटरचा थेंब असा जेमतेम काही पिकोलिटरचा. कॅनन आणि एचपी यांच्या घरगुती प्रिंटरांत नॉझलमागे एक सूक्ष्म तापक असतो. काही मायक्रोसेकंदांसाठी तो 300 अंश सेल्सिअसच्या वर जातो, त्याला चिकटलेला शाईचा पातळ थर एका झटक्यात वाफ होतो, बुडबुडा फुगतो आणि समोरची शाई नॉझलबाहेर ढकलतो. बुडबुडा मिटला की मागून नवी शाई आत येते. हे एका सेकंदात हजारो वेळा. कॅननचे इचिरो एन्डो यांना 1977 मध्ये ही दिशा सापडली ती प्रयोगशाळेतल्या एका अपघातातून: तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली. या रचनेत शाई छापते आणि तापक थंडही ठेवते. शाई नसताना तापक पेटत राहिला तर तो कोरडाच भाजतो आणि नॉझल कायमचं जातं.

एप्सन आणि ब्रदर यांच्या प्रिंटरांत उष्णता नसते. तिथे वीज मिळाली की किंचित वाकणारा पिझोचा तुकडा शाईच्या कोठडीला दाबतो आणि थेंब बाहेर पडतो. इथे धोका आहे हवेचा. शाई दाबली तर आकुंचन पावत नाही, म्हणून सगळा दाब थेंबाला मिळतो. कोठडीत हवेचा बुडबुडा शिरला तर दाब त्या बुडबुड्यालाच चेपण्यात खर्च होतो आणि थेंब निघतच नाही. हवा शिरते कधी? नॉझल सुकू नयेत म्हणून प्रिंटर मधूनमधून साफसफाई करतो. हेडखाली एक रबरी टोपी येऊन बसते आणि पंप तिच्यातून शाई ओढून घेतो. अनेक प्रिंटरांत सगळ्या रंगांची नॉझलं या एकाच टोपीखाली येतात, म्हणून काळ्याची सफाई करायची तर पिवळ्यातूनही शाई ओढली जाते. तुम्ही महिनाभर एकही रंगीत पान काढलेलं नसतं तरी रंगीत कार्ट्रिज उतरत जातं ते यामुळे. आणि पिवळं खरोखर रिकामं झालं असेल तर पंपाला हवा लागते, शहाळ्यात पाणी संपल्यावर स्ट्रॉने भुर्रकन हवा येते तशी. एप्सनच्या कार्ट्रिज प्रिंटरमध्ये हेड प्रिंटरमध्येच बसवलेलं असतं, कार्ट्रिजबरोबर बदलत नाही. त्यात हवा भरली किंवा उरलेली शाई सुकली तर नवं कार्ट्रिज घालूनही रंग येईलच असं नाही.

म्हणून एप्सन आधीच थांबते. कार्ट्रिज संपल्याची सूचना येते तेव्हा आत थोडी शाई मुद्दाम राखलेली असते. हा राखीव साठा हेडच्या रक्षणासाठी आहे असं कंपनी सांगते. त्याची किंमत गिऱ्हाईक देतो हे मात्र ती तितक्या मोठ्याने सांगत नाही. पण याच साठ्यामुळे एक सवलत शक्य होते, आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

समजा रात्री दहा वाजता मुलीचं परीक्षेचं हॉल तिकीट छापायचं आहे. प्रिंटर चार वेगळ्या कार्ट्रिजांचा एप्सन, संगणकावर विंडोज 11. पिवळं संपलंय, काळं आहे. छापायला दिलं की कार्ट्रिज बदलण्याची सूचना येते. पहिलं काम म्हणजे ती छपाई रद्द करणं, संगणकावरून नाही जमलं तर प्रिंटरच्या बटणाने. रिकामं कार्ट्रिज जागेवरच राहू द्यायचं, ते काढायचं नाही. मग Settings, त्यात Bluetooth & devices, त्यात Printers & scanners, तिथे आपला प्रिंटर आणि त्याचं Printing preferences. उघडलेल्या खिडकीत Maintenance नावाचा टॅब असतो, त्यात Extended Settings. तिथे दोन खुणा हव्यात: Enable EPSON Status Monitor 3 आणि Permit temporary black printing. दुसऱ्या खुणेनेच सवलत मिळते. पहिली खूण नसेल तर प्रिंटर आणि संगणक यांच्यात शाईबद्दल बोलणंच होत नाही आणि सवलत विचारणारी खिडकी उघडत नाही.

आता Main टॅबवर यायचं. कागदाचा प्रकार साधा, म्हणजे plain papers, किंवा लिफाफा. रंगाच्या जागी Grayscale. दर्जा Standard. आणि Borderless ची खूण काढलेली. या अटी लहरीने घातल्यासारख्या वाटतात, पण आपण वर पाहिलं तेच त्यांच्यामागे आहे. फोटो पेपर म्हटलं की काळा मिसळून करावा लागतो, आणि मिसळायला पिवळा नाही. वरच्या दर्जाच्या छपाईतही करड्या छटांसाठी रंग मागवले जाण्याची शक्यता असते. हे सगळं लावून फाइल पुन्हा छापायला दिली की फक्त काळ्यात छापायचं का असं विचारणारी खिडकी येते. हो म्हटलं की हॉल तिकीट बाहेर. फोटोतल्या चेहऱ्यावर जरा दाणे दिसतील, बोर्डाचं रंगीत बोधचिन्ह काळपट येईल, पण नाव, बैठक क्रमांक आणि केंद्राचा पत्ता नेहमीपेक्षा कमी ठसठशीत येण्याचं काही कारण नाही.

ही मुभा साधारण पाच दिवसांची असते, वापराप्रमाणे कमीजास्त. त्या दिवसांतही सफाई चालूच राहते आणि राखीव साठ्याला गळती लागलेली असते.

इथे लोक अडकतात ते एका वेगळ्याच ठिकाणी: Maintenance टॅबच दिसत नाही. विंडोजने प्रिंटर आपणहून ओळखून घेतला असेल तर तो बऱ्याचदा Microsoft IPP Class Driver या सर्वसामान्य ड्रायव्हरवर चालत असतो. पान छापण्यापुरता तो ठीक आहे, पण कंपनीच्या खास सोयी त्याला ठाऊक नसतात. मॅकवर एअरप्रिंटने जोडलेल्या प्रिंटरची हीच गत, आणि मोबाइलवरून छापतानाही रंगीत की कृष्णधवल एवढंच विचारलं जातं. अशा वेळी सेटिंग शोधत बसण्यात अर्थ नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा पूर्ण ड्रायव्हर घ्यायचा, मग टॅब उगवतो. मॅकवर तीच सोय एप्सनच्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये असते. एप्सनच्या सगळ्या मॉडेलांत ती नाही, तेव्हा पूर्ण ड्रायव्हर घालूनही ती ओळ दिसली नाही तर त्या यंत्रात ती नाहीच असं धरून चालावं.

दोन कार्ट्रिजांच्या स्वस्त प्रिंटरांची गोष्ट निराळी आहे. एक काळं, एक तिरंगी, आणि नॉझलं कार्ट्रिजच्याच बुडाला बसवलेली. कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. त्यामुळे हेड सुकण्याची भीती प्रिंटरला फारशी नाही. एचपीच्या अशा डेस्कजेटमध्ये उपाय इतका सरळ आहे की सुचत नाही: रिकामं तिरंगी कार्ट्रिज काढूनच टाकायचं. प्रिंटर एक कार्ट्रिज नसल्याची सूचना देतो, ती मान्य केली की उरलेल्या काळ्यावर छापू लागतो. याला सिंगल कार्ट्रिज मोड म्हणतात. उलटही चालतं, काळं काढून तिरंग्यावर छापलं तरी पान निघतं, फक्त अक्षर त्या मळक्या काळ्याचं येतं. मात्र एचपीच्याच वेगळ्या वेगळ्या चार कार्ट्रिजांच्या ऑफिसजेटवर हा प्रयोग करू नका. तिथे हेड आतमध्ये आहे आणि कप्पा उघडा ठेवणं म्हणजे हवेला आमंत्रण. त्यांपैकी अनेक मॉडेल रंग संपल्यावर फक्त काळी शाई वापरू का असं पडद्यावर स्वतःच विचारतात. तिथे हो म्हणावं आणि कार्ट्रिजला हात लावू नये.

कॅननचे दोन कार्ट्रिजांचे पिक्समा दिसायला एचपीच्या भावासारखे, पण नियम बरोबर उलटा. कार्ट्रिज काढलं की यंत्र छापायलाच तयार नाही. दोन्ही जागेवर ठेवून ड्रायव्हरच्या Maintenance टॅबमध्ये Ink Cartridge Settings उघडायचं आणि Black Only निवडायचं. इथेही साधा कागद हवा आणि कडेपर्यंतची छपाई बंद हवी, नाहीतर Black Only लिहिलेलं असूनही यंत्र गुपचूप रंगीत कार्ट्रिजकडे जातं. शाई संपल्याची खूण लुकलुकून छपाई अडली असेल तर अनेक पिक्समांवर Stop बटण पाच सेकंदांहून जास्त दाबून धरलं की अडसर निघतो. पण त्या क्षणापासून त्या कार्ट्रिजची पातळी यंत्र मोजणं सोडून देतं. कोरडा तापक पेटत राहण्याची भीती आहे ती इथेच. म्हणून आधी Black Only लावावं, मग बटण दाबावं. नवं तिरंगी कार्ट्रिज आलं की तीच खिडकी उघडून दोन्हींचा पर्याय परत निवडायला विसरू नये, नाहीतर नव्या कार्ट्रिजवरही लग्नपत्रिका काळीच निघते आणि दुकानदाराशी विनाकारण वाद होतो.

ब्रदर या सगळ्यांत जास्त सैल आहे. रंग संपल्यावर त्यांची बरीच इंकजेट यंत्रं काळ्यावर साधारण चार आठवडे चालतात. अटी ओळखीच्या: Basic टॅबवर Plain Paper, Advanced वर Grayscale, आणि Slow Drying Paper ची खूण काढलेली. पण या सवलतीला एक विचित्र टोक आहे. त्या चार आठवड्यांत यंत्राची पिन सॉकेटमधून काढली किंवा रिकामं कार्ट्रिज बाहेर काढलं, तर सवलत तिथेच संपते आणि नवं कार्ट्रिज घालेपर्यंत यंत्र काहीही छापत नाही. रात्री झोपताना घरातली सगळी बटणं बंद करून प्लग उपसून ठेवणाऱ्या शिस्तीच्या माणसांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.